सकाळची डोकेदुखी, रात्रीचे घोरणे आणि दिवसाची पेंग: कारण कसे ओळखावे?

सकाळी डोळे उघडताच डोके जड असणे, चहा-न्याहारी उरकेपर्यंत ते दुखणे हळूहळू ओसरणे आणि दुपारी कामाच्या जागी बसल्या बसल्या पेंग येणे, ही तक्रार अनेक घरांत वर्षानुवर्षे ऐकू येते. त्याच घरातील इतरांची तक्रार निराळी असते. शेजारच्या खाटेवरून रात्रभर येणाऱ्या घोरण्याच्या आवाजाने त्यांना झोप लागत नाही. या साऱ्या तक्रारी एकाच विकाराच्या बाजू असू शकतात, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. डोकेदुखीवर गोळी घेतली जाते, पेंगेवर चहाचा आणखी एक कप घेतला जातो आणि घोरणे थट्टेवारी नेले जाते. घोरणारा माणूस डाराडूर झोपला आहे, म्हणजे त्याची झोप उत्तम आहे, ही जुनी समजूत या दुर्लक्षाला हातभार लावते.

या तीन लक्षणांमागील सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडणे. वैद्यकीय परिभाषेत त्याला ‘स्लीप ॲप्निया’ किंवा निद्राश्वसनरोध म्हणतात. भारतातील पाहण्यांचा एकत्रित अभ्यास करून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार देशातील सुमारे १० कोटी ४० लाख प्रौढांना हा विकार असावा. तथापि सकाळी डोके दुखणाऱ्या प्रत्येकाला तो असतोच असे नाही. तसेच तो असलेल्या प्रत्येकाची डोकेदुखी केवळ त्यामुळेच असते असेही नाही. युरोपातील सुमारे १९ हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण तेरांपैकी एकाने सकाळच्या डोकेदुखीची तक्रार केली. त्यात सर्वांत जवळचा संबंध चिंता व नैराश्य या विकारांशी आढळला. म्हणून नेमके कारण ओळखणे हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे पुष्कळसे उत्तर डोके किती दुखते यापेक्षा ते कधी सुरू होते आणि कधी थांबते यात दडलेले असते.

श्वास अडतो तेव्हा काय घडते?

जागेपणी घशाभोवतीचे स्नायू श्वासाची वाट उघडी ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात. उताणे झोपल्यास जीभ मागे सरकते, मऊ टाळू खाली येतो, आणि मानेभोवती चरबी असल्यास आधीच अरुंद झालेली वाट आणखी दबते. या अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ भाग थरथरतात, तो आवाज म्हणजे घोरणे. वाट पूर्ण बंद झाली की आवाजही थांबतो. म्हणूनच घोरण्याच्या आवाजापेक्षा त्यामधील शांतता अधिक अर्थपूर्ण असते. या शांततेत छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि अखेर मेंदू काही क्षणांपुरता जागा होऊन स्नायूंना ताणतो. मोठा हुंकार किंवा घुसमटल्यासारखा आवाज येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी त्या व्यक्तीला यातले काहीही आठवत नाही.

श्वास किमान १० सेकंद जवळजवळ थांबला तर ती एक घटना मोजली जाते. श्वासाचा प्रवाह बराच घटून त्यासोबत ऑक्सिजन खाली आला किंवा झोप मोडली, तर तीही मोजली जाते. झोपेच्या प्रत्येक तासात अशा सरासरी किती घटना घडल्या, यावर विकाराची तीव्रता ठरते. प्रौढांत ताशी पाचपेक्षा कमी घटना सामान्य समजतात. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० पेक्षा अधिक म्हणजे तीव्र विकार. ताशी ३० घटना याचा अर्थ सरासरी दर दोन मिनिटांनी झोपेला एक धक्का. आठ तास अंथरुणात काढूनही विश्रांती का मिळत नाही आणि दिवसा पेंग का येते, हे या हिशेबावरून उमगते.

डोकेदुखी सकाळीच का, याचेही काही स्पष्टीकरण देता येते. स्वप्ने पडतात त्या अवस्थेत स्नायू सर्वाधिक सैल असतात, आणि ही अवस्था उत्तररात्री अधिक लांबते. त्यामुळे अनेक रुग्णांत श्वास अडण्याचा सर्वांत वाईट काळ पहाटेचा असतो. वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीतील दाब वाढतो, हे ज्ञात आहे. मात्र डोकेदुखीला तेच कारण पुरेसे आहे, की ऑक्सिजनची घट आणि तुटक झोप अधिक जबाबदार आहे, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. ऑक्सिजन बराच खाली जाणाऱ्या काही रुग्णांचे डोके कधीच दुखत नाही, तर सौम्य विकार असलेल्या काहींचे रोज दुखते. अभ्यासागणिक आकडे बदलत असले तरी निद्राश्वसनरोधाच्या साधारण तिघांपैकी एका रुग्णाला सकाळची डोकेदुखी असते. म्हणून डोकेदुखी नाही यावरून विकार नाही असे म्हणता येत नाही.

डोकेदुखीचे घड्याळ

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात निद्राश्वसनरोधामुळे होणाऱ्या डोकेदुखीची ओळख दिली आहे. ती जाग येतानाच असते. महिन्यातील १५ किंवा त्याहून अधिक दिवस ती होऊ शकते. ती डोक्याच्या दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखी किंवा पट्टा आवळल्यासारखी असते. मळमळ नसते, उजेड वा आवाज खुपत नाही. आणि ती चार तासांच्या आत थांबते. या सर्व खुणा प्रत्येक रुग्णात एकत्र सापडतीलच असे नाही. मात्र सकाळी साडेसहाला असलेले दुखणे साडेनऊ-दहापर्यंत आपोआप जात असेल, तर संशय बळावतो. दिवस चढेल तसे दुखणे वाढत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

अर्धशिशीचे दुखणे पुष्कळांना पहाटे किंवा सकाळी सुरू होते, त्यामुळे येथे गफलत सहज होते. पण ते बहुधा एका बाजूला, ठणकणारे असते, मळमळ होते, उजेड सहन होत नाही, आणि औषधाविना ते चार तासांहून अधिक काळ, कधी तीन दिवसही टिकते. झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांना कानशिलांत आणि जबड्यात दुखते, चावताना त्रास होतो आणि दातांची झीज दंतवैद्याला दिसते. चहा किंवा कॉफी भरपूर पिणाऱ्यांत रात्रभराचा खंड हेच कारण ठरू शकते. अशी डोकेदुखी सकाळच्या पहिल्या कपानंतर तासाभरात जाते आणि उपवासाच्या दिवशी हटकून वाढते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांत रात्री साखर फार उतरल्यास सकाळी डोके दुखते. सोबत रात्री घाम येणे आणि वाईट स्वप्ने पडणे, या त्याच्या खुणा आहेत.

रक्तदाबाबाबतही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १५०/९५ सारखा वाढलेला दाब सहसा डोके दुखवत नाही. दाब अचानक १८०/१२० किंवा त्याहून वर गेला तरच त्याला डोकेदुखीचे कारण मानले जाते. डोके दुखते आणि दाबही वाढलेला आहे, असे एकत्र दिसते तेव्हा अनेकदा या दोहोंमागे निद्राश्वसनरोध असतो. श्वास अडण्याच्या प्रत्येक घटनेनंतर दाब उसळतो आणि कालांतराने तो दिवसाही चढा राहू लागतो. तीन औषधे घेऊनही दाब आटोक्यात येत नसेल, तर झोपेची चौकशी झालीच पाहिजे.

उत्तर भारतातील हिवाळ्यात आणखी एक कारण विसरून चालत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यास, किंवा हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर वापरल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यानेही सकाळी डोके जड होते, मळमळते, सुस्ती येते. घरातील एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखणे आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे, ही त्याची खूण होय. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, कारण ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांनी व्यापलेल्या रक्तातील फरक त्याला कळत नाही आणि तो आकडा सामान्य दाखवतो. येथे झोपेच्या चाचणीची वाट पाहायची नसते. घर ताबडतोब रिकामे करून रुग्णालय गाठायचे असते.

शेजारी झोपणाऱ्याची साक्ष

श्वास थांबल्याचे झोपलेल्या व्यक्तीला कळत नसल्याने तिच्या पती वा पत्नीचे म्हणणे निदानात मोलाचे ठरते. डॉक्टर बहुधा आठ मुद्द्यांची एक प्रश्नावली वापरतात. कॅनडातील टोरंटो येथील भूलतज्ज्ञांनी ती तयार केली आणि २००८ मध्ये तिची मांडणी प्रसिद्ध झाली. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतके मोठे घोरणे, दिवसा थकवा, श्वास थांबल्याचे कोणी पाहिलेले असणे, उच्च रक्तदाब, ३५ हून अधिक बॉडी मास इंडेक्स, ५० हून अधिक वय, ४० सेंटीमीटरहून अधिक मानेचा घेर आणि पुरुष असणे, असे हे मुद्दे आहेत. दोनपर्यंत गुण म्हणजे कमी शक्यता, पाच किंवा अधिक म्हणजे मोठी शक्यता.

ही फूटपट्टी भारतात जपून वापरावी लागते. भारतीयांत तुलनेने कमी वजनावरही हा विकार दिसतो, त्यामुळे ३५ ची अट येथे अनेकांना लागू होत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर एक गुण आधीच कमी असतो. त्यांची लक्षणेही पुष्कळदा वेगळी असतात. मोठ्या घोरण्याऐवजी डोकेदुखी, थकवा, झोप न लागणे आणि मन उदास असणे, असे त्या सांगतात. रजोनिवृत्तीनंतर विकाराचे प्रमाण वाढते. बाई घोरते हे सांगायला घरातील माणसे संकोचतात आणि तीही ते मान्य करत नाही. परिणामी झोपेच्या तपासणीऐवजी तिच्या हाती झोपेची गोळी पडते. काही प्रकारच्या झोपेच्या गोळ्या आणि मद्य घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि मेंदूचे जागे होणे लांबवतात. म्हणजे ज्या उपायाने झोप सुधारावी, त्यानेच श्वास अधिक काळ अडू शकतो.

एका रुग्णाचा हिशेब

निदान कसे पुढे सरकते, हे एका कल्पित पण दवाखान्यांत नेहमी दिसणाऱ्या उदाहरणावरून समजून घेता येईल. बडोद्यात हिशेबनीस असलेले ४६ वर्षांचे गृहस्थ आहेत. उंची १६८ सेंटीमीटर, वजन ९२ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स साधारण ३२.६. मानेचा घेर ४२ सेंटीमीटर, रक्तदाब १४८/९४. महिन्यातील साधारण २२ दिवस सकाळी साडेसहाला उठताना त्यांचे डोके दोन्ही बाजूंनी दुखते आणि साडेनऊच्या सुमारास थांबते. दोन वर्षांपासून ते यासाठी पॅरासिटामॉल व कॅफिन एकत्र असलेली गोळी घेतात, महिन्यातून साधारण १६ दिवस. पत्नी सांगतात की घोरणे मध्येच बंद पडते आणि नंतर ते दचकल्यासारखा श्वास घेतात.

त्यांचे प्रश्नावलीतील गुण सहा होतात. वजनाचा व वयाचा गुण मिळत नाही, उरलेले सर्व मिळतात. दिवसाच्या झोपेचे मोजमाप निराळ्या तक्त्याने होते. ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या तक्त्यात वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, प्रवासात, जेवणानंतर स्वस्थ बसल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांनी सांगायची असते. १० पेक्षा अधिक बेरीज म्हणजे प्रमाणाबाहेर झोप. या गृहस्थांची बेरीज १४ येते. वाहतूक दिव्याजवळ गाडी थांबली असताना डोळा लागल्याचेही ते कबूल करतात. एवढ्यावर त्यांना गाडी न चालवण्याचा सल्ला मिळतो. तो निदानाइतकाच तातडीचा असतो.

पुढची पायरी झोपेच्या चाचणीची. रुग्णालयातील चाचणीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, श्वासाचा प्रवाह, छाती-पोटाची धडपड, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके रात्रभर नोंदले जातात. घरी करायच्या छोट्या चाचणीत बहुधा मेंदूच्या लहरी नोंदत नाहीत. त्यामुळे व्यक्ती प्रत्यक्षात किती वेळ झोपली हे कळत नाही, घटनांना नोंदणीच्या एकूण तासांनी भागले जाते आणि विकार प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसू शकतो. म्हणून दाट संशय असताना घरची चाचणी सामान्य आली, तर रुग्णालयातील चाचणी करावी लागते. बडोद्याच्या या गृहस्थांच्या साडेसहा तासांच्या झोपेत २२१ घटना नोंदल्या जातात, म्हणजे ताशी ३४. ऑक्सिजन सर्वांत खाली ७८ टक्क्यांवर जातो. विकार तीव्र ठरतो.

त्यांना सीपॅप यंत्र दिले जाते. सिडनीतील कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात हा उपचार प्रथम मांडला. नाकावरील मास्कमधून मंद दाबाची हवा सतत सोडली जाते आणि ती घशाला आतून टेकू देते. यंत्र ऑक्सिजन देत नाही. खोलीतील साध्या हवेच्या दाबानेच वाट उघडी राहते. पहिल्या दोन आठवड्यांत हे गृहस्थ ते रात्री तीन तासच लावू शकतात, कारण मास्क गळतो आणि नाक कोरडे पडते. उत्तररात्री मास्क काढून ठेवल्याने विकाराचा सर्वांत वाईट काळच उपचाराविना जातो आणि डोकेदुखीत काही फरक पडत नाही. मास्कचे माप बदलून आणि हवेला ओलावा देणारी जोडणी लावून वापर सहा तासांवर येतो. यंत्राच्या नोंदीत घटना ताशी तीनपर्यंत उतरतात. पेंग जवळजवळ जाते. दोन महिन्यांनी डोकेदुखी मात्र २२ दिवसांवरून १० दिवसांवरच आलेली असते.

येथे उपचार निष्फळ ठरला असे मानण्याची चूक होऊ शकते. प्रत्यक्षात उरलेल्या डोकेदुखीचे घड्याळ बदललेले असते. ती आता सकाळी असली तरी दहाला थांबत नाही, दुपारपर्यंत रेंगाळते आणि गोळी घेतल्यावरच जाते. गोळ्यांची सवय मात्र जुन्याच प्रमाणात चालू राहिलेली असते. वेदनाशामकांच्या अतिवापरामुळेही डोकेदुखी जडते. साध्या गोळ्या महिन्यातून १५ दिवस किंवा अधिक आणि मिश्र गोळ्या १० दिवस किंवा अधिक, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले तर ही शक्यता असते. रात्रभरात औषधाचा अंश उतरत असल्याने हे दुखणेही पहाटेच उभे राहते आणि निद्राश्वसनरोधाचे सोंग घेते. या गृहस्थांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी बंद केल्यावर आठवडाभर डोके अधिक दुखते, नंतर ते महिन्यातून दोन दिवसांवर येते. एकाच माणसात दोन कारणे होती. पहिल्याने दुसऱ्याला जन्म दिला होता आणि पहिले दूर केल्यावरच दुसरे दिसू लागले.

या उदाहरणातील तर्क वर्गीकरणालाही मान्य आहे. झोपेच्या चाचणीत विकार सापडणे एवढ्याने डोकेदुखीचे कारण पक्के सिद्ध होत नाही, कारण दोन्ही गोष्टी पुष्कळ लोकांत असतात आणि योगायोगानेही एकत्र येऊ शकतात. श्वास अडणे थांबल्यावर डोकेदुखीही कमी झाली, तर तो सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. यंत्राचा पुरेसा वापर होऊनही काही आठवड्यांत फरक पडत नसेल, तर अर्धशिशी, गोळ्यांचा अतिवापर, नैराश्य, थायरॉइडची कमतरता किंवा अन्य कारणाचा शोध घ्यावा लागतो.

ऑक्सिजनचा सिलिंडर हे उत्तर नव्हे

रात्री ऑक्सिजन उतरतो असे कळल्यावर काही कुटुंबे घरी ऑक्सिजन लावण्याचा विचार करतात. घशाची बंद वाट त्याने उघडत नाही. अतिस्थूल व्यक्तींत कधी कधी श्वासाचे एकूण प्रमाणच अपुरे असते आणि कार्बन डायऑक्साइड दिवसाही साचलेला राहतो. फुप्फुसांच्या जुनाट विकारातही असे घडू शकते. अशा रुग्णांची सकाळची डोकेदुखी अधिक तीव्र असते, ओठ वा नखे निळसर दिसू शकतात, पायांवर सूज येते. त्यांना केवळ ऑक्सिजन दिल्यास आकडा सुधारतो, पण श्वास आणखी मंदावून कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो आणि ग्लानी येऊ शकते. म्हणून रक्तातील बायकार्बोनेट व वायूंची तपासणी करून उपचार ठरवला जातो. त्यांना दोन वेगवेगळे दाब देणाऱ्या यंत्राची गरज पडू शकते.

सीपॅपखेरीज इतर उपायही आहेत, पण ते विकाराच्या तीव्रतेनुसार निवडावे लागतात. सौम्य व मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे, दंतवैद्याकडून मापाने बनवलेले साधन उपयोगी पडते. केवळ उताणे झोपल्यावर श्वास अडत असेल, तर कुशीवर झोपण्याची सवय लावता येते. वजन १० टक्क्यांनी घटल्यास घटनांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, असे दीर्घकालीन पाहणीत दिसले आहे. ताशी ३४ घटना असलेल्या रुग्णाला त्याने दिलासा मिळेल, पण तरीही २५ घटना उरतील. म्हणून वजन उतरेपर्यंत यंत्र थांबवता येत नाही.

कोणत्या खुणांवर थांबू नये?

काही डोकेदुखींना झोपेशी जोडून वेळ घालवणे धोक्याचे असते. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, आठवड्यागणिक वाढत जाणारी, खोकताना, वाकताना किंवा आडवे झाल्यावर तीव्र होणारी, सकाळी उलटीसह येणारी डोकेदुखी मेंदूतील गाठीची किंवा वाढलेल्या दाबाची सूचक असू शकते. दृष्टी क्षणभर अंधारणे, दुहेरी दिसणे, फिट येणे, हात-पाय वा बोलणे अडखळणे, ताप आणि मान ताठरणे, किंवा क्षणार्धात शिखर गाठणारी तीव्र वेदना असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांत गाठ नसतानाही कवटीतील दाब वाढू शकतो. नेत्रतज्ज्ञाने डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी केल्यास ते कळते आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

या खुणा नसतील, तर तपासणीला जाण्यापूर्वीचे दोन आठवडे निदानास मोठी मदत करू शकतात. एका साध्या वहीत रोज झोपण्याची व उठण्याची वेळ, डोकेदुखी सुरू होण्याची व थांबण्याची वेळ, घेतलेली प्रत्येक गोळी, चहा-कॉफीचे कप आणि मद्य यांची नोंद करावी. घरातील कोणी उत्तररात्री दोन-तीन मिनिटांचे घोरणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करावे, शक्य असल्यास चित्रासह, म्हणजे आवाज थांबल्यावरही छाती हलत राहते का हे डॉक्टरांना पाहता येईल. झोपेची चाचणी करणारी सोय मोठ्या शहरांतील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या छातीविकार, मेंदूविकार किंवा कान-नाक-घसा विभागांत मिळू शकते. मुद्रण आणि वही हाती असतील, तर प्रथम कोणत्या विभागात जावे हे ठरवणेही सोपे जाते. तोवर झोपेची गोळी स्वतःहून सुरू करू नये, आणि पेंग येत असेल तर वाहन दुसऱ्याच्या हाती द्यावे.